आम्ही म्हणजे नक्की कोण?

छोट्या कंपन्यांचे मजकूर तपासून देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. त्यात एक विनंती वारंवार येते. कंपनी एका माणसाने सुरू केलेली असते, ग्राहकांना कळवायच्या बातम्याही तोच लिहीत असतो. पुढे हाताखाली माणसे येतात, कामे वाटली जातात, आणि एके दिवशी निरोप येतो : ‘यात सगळीकडे मी मी झालंय. जरा आम्ही करून द्या.’ सांगणाऱ्याला हे पाच मिनिटांचे काम वाटते. ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ घातले की झाले! प्रत्यक्षात तसे केल्यावर मजकूर वाचवत नाही, आणि का वाचवत नाही हेही चटकन सांगता येत नाही.

एक नमुना घेऊनच बोलू. समजा, साताऱ्याकडच्या एका बाईंचा लाकडी घाण्याच्या तेलाचा व्यवसाय आहे. सुरुवातीला त्या एकट्या होत्या, आता सहा बायका आणि तीन पुरुष त्यांच्याबरोबर काम करतात. दुसरा घाणा बसवल्याची बातमी त्यांनी ग्राहकांसाठी लिहिली आहे, ती अशी :

‘नमस्कार. मी 2016 साली माझ्या घराच्या पडवीत लाकडी घाणा बसवला. तेव्हा मी एकटीच शेंगदाणे निवडायचे, तेल काढायचे आणि बाटल्या पोचवायला स्कूटरवर जायचे. आज सांगायला आनंद होतो की मी दुसरा घाणा सुरू करते आहे. आता मी करडईचे तेलही देऊ शकेन. गेल्या दिवाळीत माझ्याकडून काही ऑर्डर उशिरा गेल्या, त्याबद्दल माफी मागते. यंदा मी तसे होऊ देणार नाही. आपण माझ्यावर विश्वास ठेवलात म्हणून मी इथवर आले. आपण मिळून हे काम पुढे नेऊ. आपली नम्र,’ आणि खाली नाव.

मजकूर साधा आणि मनापासून लिहिलेला आहे. एकट्या बाईचा म्हणून त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. पण आता त्या एकट्या नाहीत, आणि त्या नऊजणांचा या मजकुरात कुठे पत्ता नाही, म्हणून बदल हवा आहे.

आधी व्याकरणाचे पाहू, कारण पहिली ठेच तिथेच लागते. हाच मजकूर एखाद्या पुरुषाने लिहिला असता, तर काही क्रियापदांना हातही लावावा लागला नसता. पुरुष म्हणतो, ‘मी करतो’, ‘मी गेलो’, ‘मी निवडायचो’. अनेकजण म्हणतात, ‘आम्ही करतो’, ‘आम्ही गेलो’, ‘आम्ही निवडायचो’. क्रियापद तेच राहते. बाईचे तसे नाही. ती म्हणते, ‘मी करते’, ‘मी गेले’, ‘मी निवडायचे’, आणि ‘आम्ही’ म्हणताना तिला प्रत्येक ठिकाणी रूप बदलावे लागते : करतो, गेलो, निवडायचो. म्हणूनच बाईने लिहिलेल्या मजकुरात घाईने ‘आम्ही’ घातले, की मागे राहिलेली रूपे लगेच उघडी पडतात. ‘आम्ही दुसरा घाणा सुरू करते आहे’ हे वाक्य कुणालाही खटकेल. पुरुषाच्या मजकुरातली चूक मात्र लपून राहते. ‘गेल्या महिन्यात पुण्याला जाऊन यंत्र पाहिले, तिथून कोल्हापूरला गेलो’ यात एकजण गेला की सगळे, हे सांगता येत नाही. मजकुराच्या मध्यावर ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांची अशी सरमिसळ झाली, की वाचणाऱ्याला काहीतरी बिनसल्यासारखे वाटते, पण बोट कुठे ठेवावे ते कळत नाही.

‘मी यंत्र घेतले’ आणि ‘आम्ही यंत्र घेतले’ यांत क्रियापद यंत्राच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, तिथे काहीच अडत नाही. अडते ते भविष्यकाळात. ‘देईन’चे ‘देऊ’ होते, ‘शकेन’चे ‘शकू’ होते, आणि ‘करणार आहे’चे ‘करणार आहोत’ होते. यातला ‘आहोत’ राहून जाणे ही मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केलेली चूक असेल. मजकूर संगणकावर असेल तर शोधून बदलण्याची सोय मदतीला येते, पण तिच्यावर फार विसंबू नये. नुसते ‘मी’ शोधले तर ‘कमी’, ‘नेहमी’, ‘हमी’, ‘बातमी’ हे सगळेच सापडतात, म्हणून शब्दाच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरून शोधावे लागते. ‘माझ’ शोधले की ‘माझ्या’, ‘माझे’, ‘माझ्याकडून’ एकदम हाती लागतात. ‘मला’ वेगळे पाहावे लागते. एवढे करूनही ज्या वाक्यात कर्ता लिहिलेलाच नाही, ते वाक्य सुटते. आपल्या नमुन्यातले ‘त्याबद्दल माफी मागते’ हे तसेच. त्यात ‘मी’ कुठेच नाही, आणि तरीही ते एकट्या बाईचेच वाक्य आहे. अशी वाक्ये दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घेतली तरच सापडतात.

व्याकरण सावरले, तरी दुसऱ्याच वाक्यापाशी गाडी अडते. ‘आम्ही एकटीच शेंगदाणे निवडायचो’ असे होत नाही. ‘आम्ही एकटेच’ म्हटले तर अर्थ पार बदलतो. इथे शब्द बदलून भागत नाही, कारण ही आठवण एकाच माणसाची आहे. 2016 साली बाकीचे नऊजण तिथे नव्हतेच. मराठीत ‘आमच्या घराच्या पडवीत’ म्हणायला हरकत नसते. एकटा माणूसही घराबद्दल, आईबद्दल बोलताना ‘आमचे घर’, ‘आमची आई’ असेच म्हणतो. पण नऊ-दहा माणसांच्या वतीने लिहिलेल्या मजकुरात ‘आमच्या घराच्या पडवीत’ आले, की हे सगळे एकाच कुटुंबातले असावेत असा समज होतो. एकाची आठवण सगळ्यांच्या तोंडी घालायची नसेल, तर ती तृतीय पुरुषात सांगावी : ‘2016 साली ताईंनी घराच्या पडवीत एक लाकडी घाणा बसवला. तेव्हा त्या एकट्याच शेंगदाणे निवडायच्या आणि बाटल्या पोचवायला स्कूटरवर जायच्या.’

इथे एक नाजूक जागा आहे. मूळ मजकूर ताईंनीच लिहिलेला आहे, आणि आता त्याच स्वतःबद्दल ‘त्या निवडायच्या’ असे लिहिणार. काहींना हे अवघडल्यासारखे होते. मला त्यात वावगे वाटत नाही, एका अटीवर : आता बोलणारे ‘आम्ही’ खरोखर दुसरे लोक असले पाहिजेत. म्हणजे मजकूर निदान दोघा-तिघांनी वाचलेला असावा, आणि ‘हो, हे आमचे म्हणणे आहे’ असे त्यांनी म्हटलेले असावे. तसे असेल तर ‘ताई’ हा शब्दही शोभतो, कारण घाण्यावर त्यांना तीच हाक असते. बाहेरच्या लोकांसमोर पूर्ण नाव एकदा द्यावे, पुढे ‘ताई’ चालते. ‘आमच्या आदरणीय संस्थापिका’ वगैरे बिरुदे मात्र लावू नयेत, कारण तेल विकत घेणारा माणूस सत्कारसमारंभाला आलेला नसतो.

आता त्या दोन ‘आपण’कडे येऊ. मराठीच्या बाबतीत या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो. इंग्रजीत वुई हा एकच शब्द आहे, हिंदीत हम. मराठीत मात्र दोन आहेत. ‘आम्ही’ म्हणजे आम्ही बोलणारे, तुम्ही त्यात नाही. ‘आपण’ म्हणजे आम्हीही आणि तुम्हीही. गुजरातीत असाच भेद आहे, तमिळ आणि तेलुगूतही आहे. कंपनीचा मजकूर आधी इंग्रजीत लिहून मग मराठीत आणला जातो, तेव्हा प्रत्येक ‘वुई’पाशी थांबून यातला कोणता शब्द हवा हे ठरवावे लागते. बरेचजण थांबत नाहीत आणि सगळीकडे ‘आम्ही’ लिहितात. मग ‘आम्ही सर्व जाणतो की यंदा शेंगदाणा महागला आहे’ असे वाक्य तयार होते. शेंगदाणा महागल्याचे वाचणाऱ्यालाही ठाऊक आहे. बाजारात तोही जातो. या वाक्याने त्याला उगाचच दाराबाहेर उभे केले. तिथे ‘आपण सर्वच पाहतो आहोत’ हवे होते. उलट बाजूने, ‘या महिन्यात आपण दुसरा घाणा सुरू करतो आहोत’ असे लिहिले, तर वाचणारा विचारात पडेल, की यात माझे भांडवल कधी गेले? घाणा त्यांनी बसवला आहे, म्हणून तिथे ‘आम्ही’च हवे.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही, कारण ‘आपण’ हा अतिशय आदराने म्हटलेला ‘तुम्ही’सुद्धा आहे. नमुन्यात ‘आपण माझ्यावर विश्वास ठेवलात’ यातला ‘आपण’ ग्राहकाला उद्देशून आहे, आणि पुढच्याच वाक्यात ‘आपण मिळून हे काम पुढे नेऊ’ यातला ‘आपण’ सगळ्यांना धरून आहे. एकटी बाई बोलत असते तेव्हा यात घोटाळा होत नाही, कारण ‘मी’ आणि ‘आपण’ यांत अंतर स्पष्ट असते. बोलणारेही अनेक झाले, की तिन्ही माणसे अनेकवचनात येतात आणि सीमा पुसट होतात. क्रियापद कधी वाचवते : ‘आपण आलात’ म्हणजे तुम्ही, ‘आपण आलो’ म्हणजे सगळे. पण ‘आपला’ हा शब्द कुणालाच वाचवत नाही. ‘आपल्या कंपनीने नवे तेल आणले आहे’ यातली कंपनी कुणाची? ‘आपल्या अडचणी आम्ही समजून घेतल्या’ यातल्या अडचणी ग्राहकाच्या की स्वतःच्या? मी अशा मजकुरात एकच शिस्त पाळतो. वाचणाऱ्याला सरळ ‘तुम्ही’ म्हणायचे. मराठीत ‘तुम्ही’ पुरेसे आदराचे आहे. ‘आपण’ हा शब्द फक्त आम्ही-आणि-तुम्ही या अर्थासाठी राखून ठेवायचा, आणि तोही जिथे वाचणाऱ्याचा कामात खराच हात आहे तिथेच वापरायचा.

मग ‘आपण मिळून हे काम पुढे नेऊ’ या वाक्याचे काय करायचे? ते ऐकायला गोड आहे, पण त्यात काम कोणते आणि ग्राहकाने काय करायचे याचा काहीच उल्लेख नाही. समजा, घाण्यावर काचेच्या रिकाम्या बाटल्या धुऊन पुन्हा वापरतात. मग लिहिता येईल : ‘रिकामी बाटली परत आणून दिलीत, तर आपण मिळून बराच काचेचा कचरा वाचवू.’ इथे ग्राहक बाटली आणतो, घाण्यावरचे लोक ती धुतात, तेव्हा ‘आपण’ शब्दाला आधार मिळतो. असे काही सापडत नसेल तर ते वाक्य काढून टाकावे.

आता प्रश्न उरतो तो ‘आम्ही’च्या खरेपणाचा. मराठीत एकट्याने ‘आम्ही’ म्हणण्याला एक वजन आहे. जुन्या वृत्तपत्रांचे अग्रलेख लिहिताना संपादक स्वतःला ‘आम्ही’ म्हणत. घरातली वडीलधारी माणसेही ‘आम्ही सांगतो ते ऐका’ म्हणत. त्या ‘आम्ही’त अधिकार आहे, पण माणूस एकच आहे. कंपनीच्या मजकुरात नुसते सर्वनाम बदलले, की नेमका हाच सूर लागतो : कुणीतरी खुर्चीत बसून बोलतो आहे. संघ बोलतो आहे असे वाटण्यासाठी वेगवेगळ्या हातांची कामे मजकुरात दिसावी लागतात. ‘आम्ही दर्जाकडे लक्ष देतो’ हे कुणीही म्हणेल. ‘शेंगदाणे निवडायला चौघी बसतात, घाण्यापाशी दोघे असतात, आणि काढलेले तेल दोन दिवस निवळू दिल्याशिवाय बाटलीत भरायचे नाही हे सगळ्यांनी मिळून ठरवले आहे’ यात ‘आम्ही’ हा शब्द एकदाही नाही, तरीही हे अनेकांचे बोलणे आहे हे कळते. दोघे, दोघी, चौघी, नऊजण, सातजणी असे माणसे मोजण्याचे वेगळे शब्द मराठीत आहेत, आणि बायका किती, पुरुष किती हेही ते सांगून जातात. अशा मजकुरात त्यांचा फार उपयोग होतो.

लिंगाचा मुद्दा इथे पुन्हा डोके वर काढतो. ‘आम्ही आलो’ यात बायका आहेत की पुरुष ते दिसत नाही, पण ‘आम्ही सगळे ठाम उभे आहोत’ यात दिसते. गट फक्त बायकांचा असेल तर ‘आम्ही सगळ्या ठाम उभ्या आहोत’ असेच हवे. बचत गटांच्या कितीतरी पत्रकांत मी ‘आम्ही सगळे’ वाचले आहे, कारण कुठला तरी ठरीव मसुदा उतरून घेतलेला असतो. लिज्जत पापडाची सुरुवात 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन केली. श्री महिला गृहउद्योगात पापड लाटणाऱ्या सभासद बायका स्वतःच मालक असतात आणि नफ्यातोट्यात त्यांचा वाटा असतो. ‘आम्ही सातजणींनी सुरू केले’ हे वाक्य त्यांच्या तोंडी शब्दशः खरे ठरले असते. आपल्या घाण्यावर मालकी ताईंची आहे आणि बाकीचे पगारावर आहेत. तिथे ‘आम्ही मालक’ असा सूर लागला, तर बाहेरच्यांना कळणार नाही, पण घाण्यावरच्या प्रत्येकाला कळेल. ‘आम्ही गुंतवणूक केली’ हे वाक्य मी त्यांच्या मजकुरात येऊ देणार नाही. ‘दुसरा घाणा आला आहे आणि तो चालवायला आम्ही शिकलो आहोत’ हे येऊ देईन.

माफीच्या वाक्यावर सर्वांत जास्त वेळ जातो, आणि तो द्यावाच. ‘माझ्याकडून काही ऑर्डर उशिरा गेल्या’ याचे ‘आमच्याकडून उशिरा गेल्या’ करायचे का? समजा, एका घाण्यावर जेवढे तेल निघते त्यापेक्षा जास्त ऑर्डर ताईंनी घेतल्या होत्या. निर्णय त्यांचा, बाकीचे रात्री उशिरापर्यंत काम करत राहिले. ग्राहकाने पैसे व्यवसायाला दिले होते, तेव्हा त्याच्यासमोर ‘आम्ही’ म्हणणे योग्यच आहे. आत कोण चुकले याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पण ‘आम्ही’ म्हणताना कारण मात्र खरे सांगावे : ‘एका घाण्यावर निघते त्यापेक्षा जास्त तेलाच्या ऑर्डर आम्ही घेतल्या, म्हणून उशीर झाला.’ इथे ‘बाटल्या भरण्यात विलंब झाला’ असे लिहिले, तर बाटल्या भरणाऱ्या दोघींच्या माथी खापर फुटते. त्याहून वाईट म्हणजे ‘काही तांत्रिक कारणास्तव विलंब झाल्याचे निदर्शनास आले’ अशी सरकारी धाटणी. ‘मी’ काढून टाकताना पुष्कळजण या धाटणीकडे वळतात. त्यातून ‘मी’ जातो, पण ‘आम्ही’ येत नाही, कर्ताच नाहीसा होतो. ‘करण्यात आले’, ‘घेण्यात येईल’ अशी वाक्ये मजकुरात दोनहून अधिक दिसली, तर मी मजकूर परत पाठवतो आणि विचारतो, हे केले कुणी?

ताईंना स्वतःची म्हणून माफी मागायची असेल, तर तीही जागा ठेवता येते. सगळ्या मजकुराला ‘आम्ही’ करायचे आणि ते एक वाक्य त्यांच्या नावाने अवतरणात ठेवायचे. कुणी आजारी पडले, कुणाचा मृत्यू झाला, एखादा गंभीर अपघात झाला, की तिथे ‘मी’ हाच शब्द बरोबर असतो. शोक आणि शब्द देणे ही कामे माणूस एकट्याने करतो, आणि वाचणारा तिथे सही शोधत असतो.

‘आम्ही’ किती वेळा यावे यालाही मर्यादा आहे. मराठीत क्रियापद बोलणारा सांगत असल्यामुळे परिच्छेदात एकदा कर्ता दिला, की ‘आहोत’ आणि ‘देऊ’ पुढचे काम करतात. हे सगळे धरून तो मजकूर असा होतो :

‘नमस्कार. 2016 साली ताईंनी घराच्या पडवीत एक लाकडी घाणा बसवला. तेव्हा त्या एकट्याच शेंगदाणे निवडायच्या आणि बाटल्या पोचवायला स्कूटरवर जायच्या. आज त्यांच्यासह आम्ही दहाजण आहोत. या महिन्यात दुसरा घाणा सुरू करतो आहोत, त्यामुळे शेंगदाण्याबरोबर करडईचे तेलही देऊ शकू. गेल्या दिवाळीत एका घाण्यावर निघते त्यापेक्षा जास्त तेलाच्या ऑर्डर आम्ही घेतल्या आणि काहींना तेल उशिरा मिळाले. त्याबद्दल तुमची माफी मागतो. यंदा दोन घाण्यांवर जेवढे तेल निघेल तेवढ्याच ऑर्डर घेणार आहोत. तुम्ही विश्वास ठेवलात म्हणून आम्ही इथवर आलो. रिकामी बाटली परत आणून दिलीत, तर आपण मिळून बराच काचेचा कचरा वाचवू.’

मूळ मजकुरात ‘मी’ सहा वेळा होते, इथे ‘आम्ही’ तीनदा आले आहे. ‘यंदा मी तसे होऊ देणार नाही’ हे वाक्य गेले, कारण तो एका माणसाचा निश्चय होता आणि नऊजणांच्या वतीने तो बोलून दाखवणे पोकळ झाले असते. त्याच्या जागी सगळ्यांना पाळता येईल असा नियम आला.

शेवटी सही उरते, आणि ती हमखास विसरली जाते. वर सगळे ‘आम्ही’ आणि खाली ‘आपली नम्र’ असे छापून आलेले मी कितीदा पाहिले आहे. बोलणारे दहा असतील तर ‘आपले नम्र’ हवे. आणि ‘आपण’ फक्त सगळ्यांसाठी राखून ठेवायचे ठरले असेल, तर ‘तुमचे’ म्हणून त्याखाली दहाही नावे लिहावीत, ताईंचे नाव इतरांच्या ओळीतच.